आडनाव ‘दुसरा’, कॉन्फिडन्स ९३

मे महिन्यातली दुपार, होटगी रोडचं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, कूलर नुसता दमट वारा फेकत होता आणि मालक माझ्या खुर्चीमागं उभे राहून विचारत होते, “काय करलालास बे सकाळपासून? ऐंशी ठेव की कटऑफ, संपलं!” मी म्हणलं, सर, ऐंशी ठेवला तर साडेचौदा लाख शब्द ताईंकडं जाणारेत. मालक गप्प झाले. मग म्हणाले, “एकूणच बत्तीस लाखाचं काम आहे ना रे?”

काम असं होतं. एका जुन्या संस्थेच्या सभासदांच्या छापील याद्या, १९६० नंतरच्या दरवर्षीच्या, सगळी मिळून ११,४०० पानं. एका पानावर साधारण ४० ओळी, ओळीत अनुक्रमांक, नाव, पेठ किंवा गाव, शेअरची संख्या आणि रक्कम. स्कॅन झालेलं होतं, मजकूर टेसरॅक्ट नावाच्या, फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनं वाचून घ्यायचा, आणि जिथं शंका आहे तेवढेच शब्द माणसानं बघायचे असं गिऱ्हाईकाशी ठरलेलं. प्रत्येक शब्दाला तो स्वतःच्या खात्रीचा शंभरपैकी गुण देतो, तो कॉन्फिडन्स, आणि ज्या गुणाच्या खालचे शब्द माणसाकडं पाठवायचे तो कटऑफ. बघणाऱ्या चार ताई. शब्दाचा फोटो आणि मशिननं वाचलेलं शेजारी शेजारी दिसतं, बरोबर असलं तर एंटर, नसलं तर टाइप करायचं, सरासरी चार सेकंद धरले तर तासाला ९००, दिवसाचे खरे कामाचे तास सहा, म्हणजे माणशी ५,४००. चौघी आणि वीस दिवस, झाले ४ लाख ३२ हजार. कटऑफ काहीही ठेवा, ताईंकडं जास्तीत जास्त एवढंच जाऊ शकतं.

साडेचौदा लाखाचा आकडा मात्र माझीच चूक होती, ते आधी सांगून टाकतो. टेसरॅक्टची टीएसव्ही, म्हणजे निकालाची रकानेवार फाइल उघडली की त्यात नुसत्या शब्दांच्या ओळी नसतात, पान, ब्लॉक, परिच्छेद आणि छापील ओळ यांच्याही वेगळ्या ओळी असतात आणि त्यांच्या कॉन्फिडन्सच्या रकान्यात -1 लिहिलेलं असतं. मी सरळ ८० पेक्षा कमी ते सगळं मोजलं, मग -1 पण मोजलं गेलं, पानामागं पन्नासेक ओळी अशा फुकटच्या. लेव्हल ५ म्हणजे शब्द, तेवढंच मोजायचं:

```
tesseract p0412.png p0412 -l mar --psm 6 tsv
awk -F'\t' '$1==5 && $11<80' p0412.tsv | wc -l
```

आकडा नऊ लाखावर आला. तरी दुप्पटच. मालक म्हणाले मग साठ कर. कटऑफ खाली आणला की ताईंचं काम कमी होतं हे कुणालाही कळतं, पण किती चुका सुटतात ते त्या आकड्याकडं बघून कळत नाही. टेसरॅक्टचा ८० म्हणजे शंभरातले ऐंशी बरोबर असं नसतंय, तो त्याचा स्वतःचा गुण आहे, आणि आपल्या छपाईवर त्याचा अर्थ काय ते आपणच मोजावं लागतं.

म्हणून त्या दिवशी सकाळी मी शब्दांच्या चार पट्ट्या केलेल्या, ५० च्या खाली, ५० ते ७०, ७० ते ९० आणि ९० च्या वर. प्रत्येक पट्टीतून २०० शब्द चिठ्ठी टाकल्यासारखे उचलले आणि आमच्यातल्या वयानं मोठ्या ताईंना नुसते फोटो दिले, मशिननं काय वाचलं ते दाखवलं नाही. हे लपवणं महत्त्वाचं, कारण समोर लिहिलेलं दिसलं की डोळा तेच वाचतो. त्यांनी टाइप केलेलं आणि मशिनचं जुळवून बघितलं.

५० च्या खालच्या २०० मधले ८२ शब्द चक्क बरोबर होते! बघितलं तर जवळपास सगळी आडनावं. म्याकल, गाजुल, येमुल, चिप्पा. सोलापुरात पूर्व भागात गेलात तर प्रत्येक बोळात ही नावं दारावर दिसतील, तेलुगू विणकरांची घरं पिढ्यानपिढ्या इथं आहेत, पण टेसरॅक्टचं मराठी मॉडेल ज्या मजकुरावर शिकलंय त्यात ही नावं कुठं येणार. अक्षर न् अक्षर बरोबर वाचतं आणि स्वतःवरच विश्वास ठेवत नाही.

आणि ९० च्या वरच्या पट्टीत ७ चुका. सात म्हणजे काही नाही वाटतं, पण त्या पट्टीत २० लाख शब्द होते. २०० ला ७, तर २० लाखाला ७० हजार. एवढ्याशा नमुन्यावरून काढलेला आकडा इकडंतिकडं होणारच, तरी अर्धा धरला तर ३५ हजार चुका, आणि कटऑफ साठ ठेवा नाहीतर ऐंशी, यातली एकही ताईंपर्यंत जाणार नाही. त्यातली एक बघून ताई हसायलाच लागल्या. फोटोत ‘दुस्सा’ छापलंय, मशिननं वाचलंय ‘दुसरा’, कॉन्फिडन्स ९३. जोडाक्षराचा शाईत गोळा झालेला, मशिनला ओळखीचा शब्द जवळ दिसला, त्यानं तो उचलला आणि खात्रीनं उचलला. मी सगळ्या पानांत शोधलं तर ‘दुसरा’ आडनावाची मंडळी १७० निघाली.

म्हणजे एकच कटऑफ सगळ्याला लावणं हीच मुळात गडबड होती. नावांच्या रकान्यात मशिन बरोबर असून घाबरतं आणि ओळखीचा शब्द दिसला की चुकून पण ठाम राहतं. तिथं मी कटऑफ काढूनच टाकला म्हणा ना. सारखा वाचलेला शब्द एका गठ्ठ्यात, म्हणजे ‘म्याकल’ ३४० ठिकाणी आला तर ३४० फोटो स्क्रीनवर जाळीसारखे एकत्र, ताईंनी एकदा नजर फिरवायची, वेगळा दिसेल त्यावर क्लिक, बाकी सगळं एका एंटरला पास. आणि उलट नियम, आडनावाच्या रकान्यात रोजच्या वापरातला शब्द आला, दुसरा, जागा, काम असलं काही, तर कॉन्फिडन्स कितीही असू दे, ताईंकडं पाठवायचा.

पण त्या सातातल्या चार चुका नावात नव्हत्याच, आकड्यात होत्या, आणि चारही ठिकाणी ९ चा १ झालेला. छपाईचा जुना खिळा झिजला की ९ चा एक टोकाचा भाग उमटतच नाही, उरतो तो गोल आणि शेपूट. कागदावर जे उमटलेलं आहे ते खरंच १ सारखं दिसतं, मग मशिननं शंका कशाला घ्यावी? गेलेली शाई त्याला माहीतच नाही.

आकड्यांसाठी माझ्याकडं एक युक्ती होती आणि मी जाम खुश होतो तिच्यावर. शेअर दहा रुपयांचा, म्हणजे संख्या गुणिले दहा बरोबर रक्कम. जुळलं की दोन्ही आकडे पास, कॉन्फिडन्स बघायचाच नाही, न जुळलेल्या ओळीच फक्त ताईंकडं. असे नऊ लाखांवर आकडे होते, त्यातले बहुतेक सुटणार. लिहिलं, चालवलं, मालकांना दाखवलं, मालक म्हणाले चहा सांग. नमुन्यातल्या त्या चार चुकांवर चालवून बघायला हवं होतं आधी, ते मी केलं नाही.

चहा पिता पिता त्याच मोठ्या ताई पान ४१२ बघत होत्या. त्या आधी एका पतसंस्थेत कॅशला बसायच्या, छापील पान दिसलं की खालची बेरीज आधी बघतात, हाडातच आहे ते. म्हणाल्या, “अरे, हिथं खाली शेअर १७३ लिहिलंय आणि रक्कम १,७३०. तुझ्या फाइलीत बेरीज किती येतीय?” केली. १६५ आणि १,६५०. पण माझ्या चाळणीतून या पानावरच्या सगळ्या ओळी पास झालेल्या!

ताईंनी कागदावर दोन्ही वजाबाक्या केल्या. “फरक नवानं जात नाही, म्हणजे आकड्यांची अदलाबदल नाही. आठ आणि ऐंशी आलाय ना, मग एक-नऊ बघ.” मला अजून कळेना. त्यांनीच ओळ शोधली, सव्विसावी. छापलेलं होतं ९ शेअर, ९० रुपये. मशिननं वाचलं १ आणि १०. एकाच खिळ्याच्या घरातले दोन्ही ९ झिजलेले, दोन्हीकडं तीच चूक झाली, आणि एक गुणिले दहा दहाच होतात की. मी जिला पडताळणी समजत होतो ती त्याच चुकीची दुसरी कॉपी होती. कॉन्फिडन्स दोन्हीला ९५ च्या पुढं.

तोंड उतरलं माझं. मालकांनी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

संध्याकाळपर्यंत पानाची बेरीज घातली चाळणीत. आता ओळीचा गुणाकार आणि पानाची छापील बेरीज दोन्ही जुळलं तरच आकडे पास. बेरजेत फरक आला तर आधी त्या पानावरचे १ आणि ९ असलेले आकडे ताईंसमोर, तरी नाही जुळलं तर दोन्ही रकाने पूर्ण. याचा आणखी एक फायदा झाला जो मी धरलाच नव्हता. सुटा एकेरी आकडा टेसरॅक्ट कधी कधी वाचतच नाही, आणि जो शब्द वाचलाच नाही त्याला कॉन्फिडन्स कुठला, कुठलाही कटऑफ त्याला पकडणार नाही. बेरीज पकडते. सुमारे २,३०० पानं अडकली, म्हणजे फार तर एक लाख ८४ हजार आकडे. नावांचे गठ्ठे आणि उरलेल्या शब्दांना ७० चा कटऑफ धरून सगळं मिळून पावणेचार लाखात बसलं.

वरचे पन्नास-साठ हजार मी मुद्दाम मोकळे ठेवले. मालक म्हणत होते जागा आहे तर ७० चा ७५ कर. पण मी दुसऱ्या आठवड्यात ताईंच्या रांगेत गुपचूप ५० माहितीतल्या चुका मिसळल्या होत्या, आणि ज्या रांगेत दर दहातले नऊ शब्द बरोबरच येत होते तिथं त्यातल्या १४ सुटल्या. आडनावांच्या जाळीत दोनच. एंटर, एंटर, एंटर करत बोट पुढं जातं, डोळा मागं राहतो. कटऑफ वर नेला की रांगेत बरोबर शब्दच जास्त शिरतात, आणि मग खरी चूक समोर आली तरी एंटर बसतो. ताईंना नंतर सांगितलं तेव्हा त्या चिडल्या थोड्या, “आधी सांगायचं नाही का रे!” आधी सांगितलं असतं तर सापडल्या असत्या सगळ्या.

शेवटच्या दिवशी एक पान राहिलं. फरक १२. ताईंनी दोन्ही रकाने दोनदा वाचले, मी फोटो मोठा करून वाचला, मालकांनी चष्मा लावून वाचला. मशिनचे सगळे आकडे बरोबर होते. १९६८ साली ज्यानं कुणी ती बेरीज मारली त्याचीच चुकली होती. बेरीज तशीच ठेवली, शेजारच्या शेऱ्यात ‘मूळ छापील बेरीज चूक’ लिहिलं, आणि फाइल पाठवून दिली.