पावसाळ्यात मालवण: काय बंद असतं, काय चालू

आईला कुणकेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं, मुलांना समुद्र बघायचा होता आणि माझ्या रजा शिल्लक होत्या त्या जुलैतच. ओळखीचे सगळे एकच सांगत होते, "पावसाळ्यात कोकणात सगळं बंद असतं." मग फोनाफोनी सुरू केली. त्यातून कळलं की बंदची कॅलेंडरं तीन आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. मासेमारीचं एक, होडीतून पर्यटक नेण्याचं दुसरं, आणि तिसरं गणपतीचं. आपण जातो ते दिवस या तिन्हींत कुठे बसतात एवढं पाहिलं की निम्मं नियोजन झालं.

होड्यांचं कॅलेंडर सगळ्यात कडक. मे संपत आला की मेरीटाइम बोर्डाच्या आदेशाने प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ थांबतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला बंद, स्कूबा बंद, देवबागची डॉल्फिन सफर बंद. मुरूडच्या जंजिऱ्याचं तेच, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचचंही. किल्ल्याला कुणी कुलूप घालत नाही, पण तिथे पोचायची सोयच नसते. धक्क्यावर कुणी "शांत आहे, सोडतो" म्हणालाच तर सरळ नाही म्हणावं. अशी फेरी परवानगीशिवाय असते आणि पलीकडून परत यायच्या वेळी वारा कसा असेल हे सांगणारं कुणी नसतं.

मात्र पाण्यातलं झाडून सगळं बंद नसतं, हे मलाही विचारल्यावरच कळलं. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो पावसाळ्यातही चालते, हवामान फार बिघडलं तर त्या दिवसापुरती थांबते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाडीतल्या फेरीबोटींचंही तसंच. त्या पर्यटनाच्या नव्हेत, लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या. सकाळी निघताना एक फोन केला की पुरतं.

किल्ला निवडताना आम्ही हाच हिशेब लावला. सिंधुदुर्गाच्या जागी विजयदुर्ग घेतला. तो आता जमिनीला जोडलेला आहे, चालत आत जाता येतं. पावसात तटावरच्या फरसबंदीला शेवाळ धरतं, त्यामुळे आईला आम्ही दरवाजाच्या आतल्या सपाटीवरच थांबवलं. मुलांना तटाच्या कडेला जाऊ दिलं नाही, आणि चपला घालून वर चढू दिलं नाही. कुणकेश्वर वाटेतच होतं. देवळं पावसाळ्यात चालू असतात आणि गर्दी नसते, म्हणून वयस्कर माणसांना हा काळ उलट बरा.

समुद्र बघायचा म्हणजे किनाऱ्यावरून बघायचा, हे मुलांना घरूनच पढवून ठेवलं होतं. पाण्यात पाय घालायचा नाही, घोट्यापर्यंतही नाही. पावसाळ्यात किनाऱ्याचा उतार बदलतो, काल वाळू होती तिथे आज खड्डा असतो. वेळ ठरवायला मात्र घरमालकीणकाकींनी एक सोपं गणित दिलं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ साधारण तेवढ्याला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पंचांगाशी थोडाफार फरक पडतो, पण किनाऱ्यावर कधी जावं हे ठरवायला पुरेसं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी बाराच्या मागेपुढे उधाण असतं, त्या वेळी आम्ही खोलीतच जेवत बसलो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की त्या दिवशी किनाऱ्याचा विचारच सोडायचा.

किनाऱ्यावरची ती लाकडी आणि झावळ्यांची खोपटी जूनच्या आत उतरवलेली असतात. होड्या वर ओढून, इंजिनं काढून, ताडपत्रीखाली गुंडाळलेल्या. अशा गावात राहायचं कुठे? पक्क्या घरांतले बरेच होमस्टे चालू असतात, पण बुकिंगच्या ॲपवर "उपलब्ध" दिसणारी खोली खरंच उघडी आहे का हे फोन केल्याशिवाय कळत नाही. काही मालक या काळात कामगारांना गावी पाठवतात, काहींची डागडुजी चालू असते. काकींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "येवा, खोली आसा. पण होडी मात्र मिळाची नाय." एवढ्या स्पष्ट माणसाकडे राहणं सोपं जातं. मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या: इन्व्हर्टर आहे का, जेवण घरात मिळेल का, आणि दरड पडून गाडी आली नाही तर आगाऊ रकमेचं काय. वीज आमच्या मुक्कामात रोजच काही तास जात होती, आणि वीज गेली की पंपही बंद, म्हणजे नळालाही पाणी नाही. म्हणून दोन बादल्या कायम भरलेल्या.

जेवणाचं विचारायला कारण होतं. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, माशांच्या विणीचा आणि खवळलेल्या समुद्राचा काळ म्हणून. अशा वेळी खानावळीत सुरमई मिळाली तर ती बर्फातली असते किंवा बाहेरून आलेली, आणि भाव ऐकून तोंड कडू होतं. काकींच्याकडे खाडीतली काळुंद्रं आणि कुर्ल्या होत्या, एके दिवशी सुकटीची चटणी आणि टाकळ्याची भाजी. ताज्या समुद्री माशासाठीच जायचं असेल तर ऑगस्ट बघावा, पण मग श्रावणाची तारीख बघावी लागते, कारण बऱ्याच घरगुती खानावळी तेव्हा शाकाहारी होतात.

पोचायचं म्हणाल तर आम्ही रेल्वेने कुडाळला उतरलो आणि तिथून मालवणला एसटीने. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. जोराच्या पावसात दिसेनासं झालं तर चालकाने ताशी 40 किलोमीटरच्या वर जायचं नसतं, म्हणून गाडी उशिरा येणार हे धरूनच चालावं. परतीच्या गाडीची वेळ मुद्दाम तपासावी, ती एरवीपेक्षा वेगळी असू शकते. स्वतःच्या गाडीने घाट उतरणाऱ्यांनी निघायच्या दिवशी सकाळी तो घाट चालू आहे का हे बघावं. भोर-महाडचा वरंध घाट तर अलीकडे पावसाळ्यात वरचेवर बंद ठेवतात.

राहिलं तिसरं कॅलेंडर. सप्टेंबरात होड्या सुरू होतात, म्हणून "तेव्हाच जाऊ" असं अनेकांना वाटतं. पण गणपती 2025 मध्ये 27 ऑगस्टला होते आणि 2026 मध्ये 14 सप्टेंबरला आहेत. त्या दिवसांत मुंबईतले चाकरमानी गावी येतात, गाड्यांची आरक्षणं महिनोन्‌महिने आधी संपतात, आणि ज्या खोलीत तुम्ही राहणार तिथे मालकांचेच पाहुणे असतात. काकी सरळ म्हणाल्या की दीड दिवसाचा असो वा अकरा दिवसांचा, गणपती जाईपर्यंत त्या पर्यटक घेत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ला बघायलाच परत जायचं आहे, म्हणून यंदा आम्ही विसर्जनानंतरच्या आठवड्याची तिकिटं काढली आहेत. निघायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून होडी सुटते आहे ना, तेवढं विचारणार.