डोमकळी आणि उशिरा आलेले टॅप

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही शेतकऱ्यांसाठी ॲप चालवतो. सप्टेंबरात कपाशी पात्या-फुलांवर आली होती. गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ तयार होता आणि त्याला चार थंबनेल होते: डोमकळी म्हणजे अळीमुळे नीट न उमललेले फूल, बोंडातली अळी, कामगंध सापळा आणि फवारणी करणारा माणूस. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायचा असतो, त्यामुळे व्हिडिओचा उपयोग चार-पाच दिवसांचाच.

चारही चित्रे समसमान वाटून चाचणी घ्यावी, तर चित्रावर टॅप करून व्हिडिओ उघडण्याचे प्रमाण 4 टक्के की 6 टक्के, हा फरक खात्रीने कळायला प्रत्येक चित्र सुमारे 1,900 वेळा दाखवावे लागते. आमच्याकडे चार दिवसांत जेमतेम सहा हजार वेळा ॲप उघडले जाते. म्हणजे निकाल लागेपर्यंत व्हिडिओच शिळा. म्हणून मी बँडिट लावला, म्हणजे येणाऱ्या टॅपप्रमाणे चित्रांचा वाटा चालू चाचणीतच बदलणारा प्रोग्रॅम, थॉम्पसन पद्धतीचा:

```python
s = [random.betavariate(1+c, 1+n-c) for c, n in arms]
pick = s.index(max(s))
```

`n` म्हणजे किती वेळा दाखवले, `c` म्हणजे किती टॅप आले. ज्या चित्राची आशा जास्त, ते आपोआप जास्त दिसते; मागे पडलेल्यालाही अधूनमधून संधी मिळते.

दुपारी सहकारी म्हणाली, "दादा, सकाळपासून तिसऱ्यांदा फोटो बदलून राह्यला."

आकडे काढले. सकाळी डोमकळी 400 वेळा दिसून 24 टॅप, म्हणजे 6 टक्के. तिचा वाटा वाढला. दुपारपर्यंत आणखी 300 वेळा दिसली, पण टॅप तीनच. एकूण 3.9 टक्के. सापळा 200 पैकी 10 टॅपवर, 5 टक्क्यांना, म्हणून तो पुढे सरकला. तासाभराने त्याचीही तीच गत.

घोळ नेटवर्कचा होता. यादी फोनमध्ये उतरली की आम्ही ‘दाखवले’ मोजत होतो. शेतकरी मात्र वावरातून परतल्यावर, रेंज आली की व्हिडिओ उघडायचा. त्यामुळे ज्याला नुकताच वाटा वाढवून दिला, त्याच्याच खात्यात टॅप न आलेली ताजी गर्दी साचायची आणि पुढे असलेले चित्रच मागे पडायचे. संध्याकाळी डोमकळीचे राहिलेले 15 टॅप आले: 700 पैकी 42, पुन्हा बरोबर 6 टक्के.

मग नियम बदलला. चित्र दाखवून सहा तास झाल्याशिवाय ती नोंद, टॅप असो वा नसो, हिशेबात धरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून डोमकळी टिकून राहिली.

पण पुढच्या हंगामासाठी "अळीचा फोटो चालतो की माणसाचा?" हे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. फवारणीवाले चित्र एकूण 180 वेळाच दिसले होते. त्यावरून त्याचा दर ठरवणे मला पटत नाही. त्या प्रश्नासाठी जूनमध्ये, घाई नसताना, दोनच चित्रे समसमान वाटायची असे आम्ही ठरवले आहे.