व्हीवॅपशी सौदे ताडताना: पाच-पाच मिनिटांचा हिशेब

साडेतीन वाजले की मुंबईतल्या डीलिंग रूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आज व्हीवॅपच्या खाली घेतलं, साहेब." व्हीवॅप म्हणजे नगांच्या प्रमाणात काढलेला बाजाराचा सरासरी भाव. त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: कधीपासूनचा व्हीवॅप? टर्मिनलवर सरासरी भाव म्हणून जो आकडा दिसतो तो सकाळपासूनचा असतो. ऑर्डर ११ वाजता हातात आली आणि ११:२० ला पुरी झाली, तर साडेनऊला कोणी काय भावाने घेतलं याच्याशी डीलरचा काही संबंध नाही. दिवसभर चढत्या शेअरमध्ये दुपारी विकणारा प्रत्येक जण दिवसाच्या व्हीवॅपपुढे हुशार ठरतो आणि घेणारा प्रत्येक जण बावळट. म्हणून मी ऑर्डर हातात आल्यापासून शेवटचा सौदा होईपर्यंतचाच व्हीवॅप धरतो. या काळात बाजारात जेवढे सौदे झाले त्यांची भाव गुणिले नग अशी बेरीज करायची आणि तिला एकूण नगांनी भागायचं.

प्रत्येक सौद्याचा डेटा हाती असेल तर काम तीन ओळींत होतं:

```python
t["tv"] = t.price * t.qty
b = t.groupby(pd.Grouper(key="time", freq="5min"))[["tv", "qty"]].sum()
b["vwap"] = b.tv / b.qty
```

पाच मिनिटांचे तुकडे का करायचे ते पुढे येईलच. खरी अडचण अशी की हा डेटा बहुतेकांकडे नसतो. असतं ते ब्रोकरच्या फीडमधलं साधारण सेकंदासेकंदाचं चित्र: शेवटचा भाव, सकाळपासूनचे एकूण नग, सकाळपासूनचा सरासरी भाव. इथे एक सोपी युक्ती सुचते. सरासरी भावाला एकूण नगांनी गुणलं की आतापर्यंतची उलाढाल मिळते. ११:०० आणि ११:०५ च्या उलाढालींतला फरक काढायचा, त्याला नगांच्या फरकाने भागायचं, की त्या पाच मिनिटांचा व्हीवॅप तयार. गणित बिनचूक आहे, पण सरासरी भाव दोनच दशांश स्थळांपर्यंत येतो आणि घोळ तिथेच होतो. तोपर्यंत ४० लाख शेअरचे सौदे झाले असतील, तर अर्ध्या पैशाच्या गोळाबेरजेतून उलाढालीत २०,००० रुपयांपर्यंत चूक शिरते. अशी चूक दोन्ही टोकांना होऊ शकते. त्या पाच मिनिटांत २०,००० शेअर फिरले असतील, तर शेअरमागे थेट दोन रुपयांपर्यंत फरक पडू शकतो, आणि आपण शोधत असतो दहा-वीस पैसे! सकाळी एकूण नग कमी असतात म्हणून ही युक्ती चालते आणि दुपारपर्यंत बिघडते. बिघाड ओळखणं सोपं आहे. काढलेला व्हीवॅप त्याच पाच मिनिटांच्या नीचांक आणि उच्चांकाच्या बाहेर गेला, तर तो आकडा टाकून द्यायचा. त्यापेक्षा दोन चित्रांमध्ये वाढलेले नग गुणिले त्या क्षणाचा शेवटचा भाव, अशी बेरीज करत जाणं बरं. त्यातही चूक आहे, पण ती एका सेकंदात भाव जितका हलतो तितकीच राहते आणि दिवस पुढे सरकला तरी वाढत नाही.

मिनिटाच्या कँडलवरून काढणारे बरेच आहेत: उच्च, नीच आणि बंद भावांची सरासरी, गुणिले नग. चार्टवरची व्हीवॅपची रेष बहुधा अशीच काढलेली असते. दहा शेअरचा एखादा सौदा खाली पडला तरी नीच भाव बदलतो आणि त्या मिनिटाचे सगळे नग त्याच्या मागे ओढले जातात. उलाढाल जास्त असलेल्या शेअरमध्ये हा फरक सहसा खपून जातो, मिडकॅपमध्ये नाही.

कोणतीही पद्धत वापरा, संध्याकाळी एक ताळा घ्या. एनएसईच्या रोजच्या `sec_bhavdata_full` फाइलमध्ये त्या शेअरच्या `EQ` ओळीत `AVG_PRICE` आणि `TTL_TRD_QNTY` असतात. आपल्या डेटावरून काढलेला दिवसाचा व्हीवॅप आणि एकूण नग त्यांच्याशी जुळवायचे. नग कमी भरले तर फीड मध्ये तुटलं होतं, किंवा प्री-ओपनमधले सौदे आपल्याकडे आलेच नाहीत. नग जुळले पण भाव जुळला नाही, तर पद्धतीत चूक. आणि जुन्या दिवसाचा भाव बरोबर निम्मा दिसला, तर बोनस किंवा स्प्लिटनंतर डेटा देणाऱ्याने जुने भाव बदलून ठेवले आहेत आणि आपले सौदे मात्र मूळ भावात आहेत.

आता आपली बाजू. कॉन्ट्रॅक्ट नोटवर सौद्याची वेळ, नग आणि भाव असतो, पण दलाली धरलेला निव्वळ भाव इथे उपयोगाचा नाही, मूळ भावच घ्यायचा. डिलिव्हरीवरचा एसटीटी हा कर एकटाच ०.१ टक्का, म्हणजे १० बेसिस पॉइंट. तो मिसळला की डीलरने राखलेला किंवा घालवलेला एकेक पैसा त्याखाली दडपला जातो. काही नोटांवर एका ऑर्डरचे सगळे सौदे एकाच सरासरी भावात दाखवतात. तेव्हा जोडपत्रातून किंवा ट्रेडबुकमधून सुटे सौदे काढावे लागतात. वेळही तपासायची. ट्रेडबुक यूटीसीमध्ये आलं असेल तर सौदे साडेपाच तास मागे पडतात, ते लगेच दिसतं. ११:०५ चं कँडल म्हणजे ११:०५ ला सुरू झालेलं की संपलेलं, हा घोळ मात्र गुपचूप राहतो. आपल्या सौद्यांचे भाव त्या-त्या कँडलच्या नीच-उच्चात बसतात का, हे पाहिलं की तोही उघडा पडतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. ६४० च्या आसपासच्या मिडकॅपचे १०,००० शेअर घ्यायचे आहेत, ११:०० ते ११:२० मध्ये.

| वेळ | बाजाराचे नग | व्हीवॅप | आपले नग | आपला भाव |
|---|---|---|---|---|
| ११:००–११:०५ | ३०,००० | ६४०.२० | १,००० | ६४०.३५ |
| ११:०५–११:१० | २०,००० | ६४०.८० | १,००० | ६४०.९० |
| ११:१०–११:१५ | २०,००० | ६४१.६० | ३,००० | ६४१.७० |
| ११:१५–११:२० | ३०,००० | ६४२.४० | ५,००० | ६४२.६० |

वीस मिनिटांचा व्हीवॅप येतो ६४१.२६ आणि आपली सरासरी ६४१.९३५. खरेदीत आपला भाव वजा व्हीवॅप, विक्रीत त्याच्या उलट. असं केलं की अधिक चिन्ह दोन्हीकडे तोटाच दाखवतं. शेअरमागे ६७.५ पैसे जास्त गेले, म्हणजे १०.५ बेसिस पॉइंट, एकूण ६,७५० रुपये. बरेच अहवाल इथेच थांबतात आणि डीलरला बोल लावून मोकळे होतात.

प्रत्येक सौदा ६४१.२६ शी ताडला तर काय दिसतं? पहिले दोन तुकडे उत्तम, शेवटचे दोन वाईट. पण हे तर चढत्या बाजारात होणारच. पहिल्या पाच मिनिटांतला सौदा नंतरच्या भावांशी तोलला जातो, म्हणून तो स्वस्त वाटतो. त्यात डीलरचं कौशल्य काही नाही. यासाठीच मी प्रत्येक सौदा आधी त्याच्याच पाच मिनिटांच्या व्हीवॅपशी ताडतो. तसं पाहिलं तर चित्र बदलतं: पहिल्या तुकड्यात १५ पैसे जास्त, मधल्या दोन्हींत १०-१० पैसे, शेवटी २० पैसे. आपल्या नगांच्या प्रमाणात त्यांची सरासरी १५.५ पैसे, म्हणजे १,५५० रुपये. नग न धरता चार आकड्यांची साधी सरासरी काढली तर १३.७५ पैसे येतात आणि सर्वांत महाग तुकडा, ज्यात निम्मा माल घेतला, तो सौम्य दिसतो.

उरलेले ५२ पैसे, म्हणजे ५,२०० रुपये, भावात नाहीत, वाटणीत आहेत. पहिल्या पाच मिनिटांत बाजाराचे ३० टक्के नग फिरले आणि आपण आपल्या मालाचे १० टक्केच घेतले. शेवटी बाजाराचे ३० टक्के, आपले ५० टक्के. प्रत्येक तुकड्यातला हा टक्क्यांचा फरक गुणिले त्या तुकड्याचा व्हीवॅप, अशी बेरीज केली की नेमके ५२ पैसे येतात. दोन्ही मिळून ६७.५ झाले पाहिजेत. एक पैसाही इकडेतिकडे झाला तर हिशेबात कुठेतरी चूक आहे.

ही फोड झाली की कोणाशी काय बोलायचं ते कळतं. पहिला भाग, म्हणजे तुकड्याच्या आतला तोटा, बहुतेक वेळा विक्रेत्याच्या भावावर जाऊन माल उचलल्याचा असतो. त्यावर उपाय म्हणजे मर्यादा लावून रांगेत थांबणं. दुसरा भाग वेळेचा. सुरुवातीला "भाव खाली येईल" म्हणून हात आखडला का, की ग्राहकानेच थांबायला सांगितलं होतं? दुसरं असेल तर ते ५,२०० रुपये डीलरच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे. आमच्याकडे अशी सूचना आली की वेळेसकट ऑर्डरच्या शेऱ्यात लिहिली जाते. ती नसेल तर फोडीला काही अर्थ राहत नाही.

आणखी एक दुरुस्ती हवी. बाजाराच्या १ लाख नगांत आपले १०,००० आहेतच, म्हणजे आपण काही अंशी स्वतःशीच तुलना करतोय. आपले सौदे वगळले तर व्हीवॅप ६४१.१८५ होतो आणि तोटा ६७.५ चा ७५ पैसे. पुन्हा सगळी बेरीज करायची गरज नाही: आधीच्या तोट्याला एक वजा आपला हिस्सा, इथे ०.९, ने भागलं की झालं. हिस्सा २ टक्के असेल तर मी याकडे बघतही नाही. निम्म्या उलाढालीत आपणच असू तर खरा तोटा दिसतो त्याच्या दुप्पट असतो. आपणच सगळा माल उचलला असेल तर फरक शून्य, आणि अहवालात ते झकास दिसतं! याउलट, आपल्या वीस मिनिटांत एकाच क्षणी दोन मोठ्या खात्यांमध्ये लाखभर शेअरची अदलाबदल झाली, तर व्हीवॅप त्या भावाला चिकटतो, आणि तो माल आपल्याला मिळणार नव्हताच. अशा वेळी मी तो सौदा धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. गुपचूप वगळत नाही, कारण मग कोणता सौदा मोठा म्हणायचा हे दर वेळी सोयीने ठरू लागतं.

अहवालातला शेवटचा रकाना ऑर्डर हातात आली त्या क्षणाच्या भावाचा. समजा तेव्हा शेअर ६४०.१० ला होता. आपण ६४१.९३५ दिले, म्हणजे जवळपास २९ बेसिस पॉइंट जास्त. त्यातले १०.५ च व्हीवॅपला दिसतात. उरलेले बाजार चढल्याचे आहेत, आणि तो काही प्रमाणात आपल्याच खरेदीने चढला असू शकतो. व्हीवॅपही आपल्याबरोबर वर जातो, म्हणून ते त्याच्या नजरेतून सुटतं. १०,००० पैकी ७,००० च मिळाले असतील तर न मिळालेल्या ३,००० चा हिशेबही याच रकान्यात, दिवसाच्या बंद भावाशी ताडून, वेगळ्या ओळीत लिहितो.