मनगटातली सुजलेली नस मोजताना: माझा अनुभव

46 वर्षांच्या बाई. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. लक्षणं कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नर्व्ह ही संवेदनेची नस दबण्याची, पण नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो हे पाहणाऱ्या नर्व्ह कंडक्शन तपासणीचा अहवाल नॉर्मल. अनामिकेत मीडियन आणि तिच्या शेजारची अल्नर या दोन नर्व्हमधून संदेश पोचायच्या वेळेतला फरक 0.3 मिलिसेकंद होता, आम्ही 0.5 च्या पुढे गेला तरच तो सदोष धरतो. सोनोग्राफीसाठी त्या माझ्याकडे आल्या त्या या टप्प्यावर.

मी हात टेबलावर तळवा वर करून ठेवायला सांगते, मनगट सरळ, बोटं किंचित वाकलेली आणि सैल. उच्च फ्रीक्वेन्सीचा लिनिअर प्रोब मनगटाच्या घडीवर आडवा ठेवला की करंगळीच्या बाजूला पिसिफॉर्म हाड दिसतं. बोगद्याच्या तोंडाशी असलेली हीच माझी मोजायची जागा, कारण नस जिथे आवळली जाते तिथे ती बहुधा चपटी होते आणि फुगते ती त्याच्या जरा अलीकडे. जेल भरपूर आणि दाब जवळपास नाहीच, कारण दाबलं की नसेचा आकार बदलतो.

शेजारचे टेंडन आणि नस सुरुवातीला सारखेच वाटतात. प्रोब थोडा पुढेमागे कलवला की टेंडन एकदम काळे पडतात, नस तितकी बदलत नाही. शंका राहिली तर मी तिचा माग कोपराच्या दिशेने घेते: टेंडन पुढे स्नायूंत विरून जातात, नस मात्र बोटं वाकवणाऱ्या दोन स्नायूंच्या थरांमधून तशीच जात राहते.

आता क्षेत्रफळ. नसेच्या कडेला पांढरी चमकदार किनार असते. रेघ तिच्या आतून ओढायची, किनार धरायची नाही. इथली चूक किती महागात पडते ते हिशेबाने पाहा. नस 6 मिलिमीटर रुंद आणि 2.1 मिलिमीटर जाड असेल तर लंबवर्तुळ म्हणून क्षेत्रफळ साधारण 9.9 चौरस मिलिमीटर. चारी बाजूंनी फक्त 0.3 मिलिमीटर बाहेरून रेघ ओढली तर तेच 14 होतं, म्हणजे धडधाकट नस आजारी ठरते. प्रोब 30 अंश तिरका झाला तरी 10 चे साडेअकरा होतात. म्हणून मी तीनदा मोजते, प्रत्येक वेळी प्रोब उचलून, आणि सरासरी घेते. आकडे एकमेकांपासून फार लांब गेले तर दोष माझ्या हाताचा, नसेचा नव्हे.

या बाईंची सरासरी 13 आली. 10 च्या आसपासची सीमारेषा बरेच जण वापरतात, पण ती प्रयोगशाळेगणिक थोडी हलते, आणि मोठ्या बांध्याच्या माणसाची नस मुळातच जाड असू शकते. म्हणून मनगटापासून 12 सेंटिमीटर वर, हातातच दुसरं माप घेते. तिथे 6 आलं. गुणोत्तर 2.2 च्या जवळ; 1.4 च्या वर गेलं की सूज मनगटापाशीच आहे असं मी मानते. डावा हात 9 आणि 7, म्हणजे 1.3. सगळ्या नसा जाड करणाऱ्या आनुवंशिक आजारात मनगटाचा आकडा एकटा फसवतो. हातातली नसही तितकीच जाड असते, आणि ते दुसऱ्या मापात लगेच कळतं.

एक गोष्ट मोजण्याआधी पाहायलाच हवी: काहींची मीडियन नर्व्ह मनगटापाशीच दोन भागांत फाटलेली असते, मध्ये कधी एक धमनीही. तेव्हा दोन्ही भाग वेगळे मोजून बेरीज करायची, धमनी सोडून.

मग नर्व्ह कंडक्शन खोटं होतं का? नाही. ती तपासणी मुख्यतः सर्वांत जलद, जाड तंतूंचा वेग बघते; ते पुरेसे शाबूत असतील तर आकडे मर्यादेत राहतात, सूज असली तरी. उलट, सोनोग्राफी आकार दाखवते, काम नाही. 13 पाहून आतले तंतू मेलेत की फक्त त्यांचं आवरण खराब झालंय हे मला सांगता येत नाही. त्याचा अंदाज नर्व्ह कंडक्शनमध्ये अंगठ्याच्या स्नायूतला प्रतिसाद किती लहान झाला यावरून येतो. मधुमेहाने सगळ्याच नसा मंदावल्या असतील तेव्हा मात्र मनगटावरची सूज उपयोगी पडते, आणि प्रतिसाद मुळीच मिळत नसेल तेव्हाही, कारण तेव्हा अडथळा कुठे आहे ते नर्व्ह कंडक्शनला सांगता येत नाही. थंड हातही वेग खोटाच कमी दाखवतो; त्वचा 32 अंशांपर्यंत गरम केली होती का, हे अहवालात मी आधी शोधते.

या बाईंच्या अहवालात मी दोन्ही मापं, गुणोत्तर आणि मोजण्याची जागा लिहिली, तीव्रतेचा शब्द लिहिला नाही. शस्त्रक्रियेनंतर नस हळूहळू लहान होते, पण बरं वाटूनही ती पूर्ण पूर्ववत होईलच असं नाही. त्यामुळे नंतर तुलना करायची वेळ आली तर हाच आधीचा आकडा कामी येईल, तोही त्याच जागी मोजलेला असेल तर.