परताव्याचा खरा टक्का कसा काढला: आत्याच्या ऑनलाइन दुकानाचा माझा अनुभव

आत्या इंदूरच्या रामबागेतल्या घरातून महेश्वरी साड्या आणि ओढण्या ऑनलाइन विकते. माल निवडणं, घड्या घालणं, पॅकिंग हे सगळं तिचं. खात्याचं पॅनेल मी सांभाळते. खातं नीट चालू ठेवायचं तर तीन दरांवर डोळा ठेवावा लागतो: परतावा म्हणजे परत आलेला माल, विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरी आणि उशिरा रवाना झालेला माल. यातल्या मर्यादा मार्केटप्लेसच ठरवून देतं. उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉनवर विक्रेत्याने स्वतः माल पाठवायचा असेल तर सात दिवसांतलं रद्द करण्याचं प्रमाण २.५ टक्क्यांच्या खाली आणि उशिरा रवानगी ४ टक्क्यांच्या खाली ठेवावी लागते. आम्हीही हेच आकडे धरून चालतो.

पॅनेलवर टक्का दिसतो, पण तो झाल्या गोष्टीचा. मला हवं होतं ते असं, की सकाळी आत्या चहा घेत असतानाच आज काय सांभाळायचं ते कळावं. आमच्या मार्केटप्लेसवरून ऑर्डरींचा आणि परताव्यांचा रिपोर्ट रोज पहाटे मेलवर येण्याची सोय होती. मग गूगल शीटमध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्ट लिहून सहा ते सातच्या दरम्यानचा ट्रिगर लावला. स्क्रिप्ट मेलमधली फाइल उचलते, ऑर्डर क्रमांक शीटमध्ये आधीच असेल तर ती ओळ नव्या माहितीने भरते, नसेल तर खाली नवी ओळ जोडते. हे महत्त्वाचं आहे, कारण तीच ऑर्डर आधी ‘नवी’, मग ‘रवाना’, मग ‘पोहोचली’ म्हणून पुन्हा पुन्हा येते. नुसती ओळ जोडत गेलं तर एकूण ऑर्डरी फुगतात आणि सगळे टक्के खोटे चांगले दिसतात. ऑर्डर क्रमांकाच्या रकान्याला आधीच साधा मजकूर हे स्वरूप द्यावं. क्रमांक नुसत्या आकड्यांचा आणि लांबलचक असेल तर शीट पंधराव्या अंकापुढचं शून्य करून टाकतं, मग परतावा कुठल्याच ऑर्डरीशी जुळत नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो परताव्याच्या दराचा. दिवाळीच्या आठवड्यात आमची १२० पार्सलं गेली, पुढच्या आठवड्यात फक्त ४०. आणि या ४० पार्सलांच्या आठवड्यातच १८ पार्सलं परत आली. १८ भागिले ४० म्हणजे ४५ टक्के! आत्या म्हणाली, “अगं, आपला माल इतका वाईट आहे का?” माल वाईट नव्हता. परत आलेली बहुतेक पार्सलं आधीच्या १२० मधली होती. पार्सल पोहोचायला काही दिवस, गिऱ्हाइकाने विचार करायला काही दिवस आणि परतीच्या प्रवासाला आणखी काही दिवस लागतात. म्हणून ‘या आठवड्यात आलेले परतावे भागिले या आठवड्याच्या ऑर्डरी’ हा हिशोब सणाच्या आठवड्यात उगाच सुखावतो आणि सण सरला की उगाच घाबरवतो.

त्यापेक्षा परतावा ज्या ऑर्डरीचा आहे तिच्याच रवानगीच्या आठवड्यात धरायचा. ऑर्डरींच्या शीटमध्ये प्रत्येक ओळीसमोर एवढंच लिहिलं:

```
=ISNUMBER(MATCH(A2,Returns!A:A,0))
```

आता प्रत्येक ऑर्डरीपुढे ती परत आली की नाही हे दिसतं आणि रवानगीच्या आठवड्यानुसार मोजता येतं. मात्र ताजे आठवडे वाचायचेच नाहीत. आमच्या मालाचे परतावे महिनाभर येत राहतात, म्हणून रवानगीला महिना झाला नसेल तर शीट त्या आठवड्यापुढे टक्क्याऐवजी ‘थांबा’ असं दाखवते.

दिवाळीच्या आठवड्याचा महिना भरल्यावर हिशोब असा निघाला: १२० पैकी २१ परत, म्हणजे १७.५ टक्के. त्यातली १२ पार्सलं आरटीओ होती, म्हणजे गिऱ्हाइकाने ती हातातच घेतली नाहीत किंवा पत्ता सापडला नाही. ती बाजूला काढली तर पोहोचलेल्या १०८ पैकी ९ साड्या किंवा ओढण्या पाहून परत केल्या गेल्या, म्हणजे ८.३ टक्के. या दोन गोष्टी एकत्र मोजू नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. आरटीओमधली बहुतेक पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीची होती, तिथे रवानगीपूर्वी फोन करून खात्री करणं कामी येतं. उरलेल्या ९ मध्ये ६ ओढण्या एकाच हिरव्या रंगाच्या निघाल्या. फोटोत तो रंग पोपटी दिसत होता, प्रत्यक्षात गर्द हिरवा होता. आत्याने गच्चीवर सकाळच्या उजेडात नवे फोटो काढले.

रद्द करण्याच्या दराला आमच्यासारख्या छोट्या खात्यात टक्क्याचा काही उपयोग नाही. आठवड्याला ४० ऑर्डरी असतील तर एक रद्द केली की २.५ टक्के झालेच. म्हणून मी टक्का काढून टाकला आणि ‘अजून किती चालतील’ हा आकडा ठेवला. B2 मध्ये सात दिवसांतल्या ऑर्डरी, C2 मध्ये आपण रद्द केलेल्या:

```
=ROUNDUP(B2/40,0)-1-C2
```

४० ऑर्डरींना उत्तर शून्य येतं, ४१ ला एक. गिऱ्हाइकाने स्वतः पॅनेलमधून रद्द करायला सांगितलेल्या ऑर्डरी C2 मध्ये येऊ द्यायच्या नाहीत. त्या मिसळल्या की आपला आकडा पॅनेलपेक्षा वाईट दिसतो, आणि चूक कुठे आहे ते ओळखायची खूणही तीच.

उशिरा रवानगीत अडचण वेळेची होती. रिपोर्टमधल्या वेळा यूटीसीच्या असतात, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. मुदत ३ तारखेच्या मध्यरात्रीची असेल तर फाइलमध्ये ती ३ तारीख 18:29:59 अशी दिसते. माल रात्री एक वाजता, म्हणजे आपल्या ४ तारखेला रवाना झाला तरी फाइल म्हणते ३ तारीख 19:30. नुसत्या तारखा ताडून पाहिल्या तर तो वेळेत गेला असं वाटतं. पूर्ण वेळच ताडायची:

```
var shipBy = new Date(row[4]);
var sent = row[5] ? new Date(row[5]) : new Date();
var late = sent > shipBy;
```

दुसऱ्या ओळीत, रवानगीची वेळ रिकामी असेल तर आत्ताची वेळ धरली आहे. तसं केलं नाही तर मुदत उलटूनही घरातच पडलेलं पार्सल ‘उशिरा’ मध्ये मोजलंच जात नाही. रद्द झालेल्या ओळी मात्र त्याआधी गाळायच्या, नाहीतर त्या कायमच्या उशिरा ठरतील.

सकाळच्या मेलमध्ये सगळ्यात वर येते ती आज मुदत असलेल्या, अजून न गेलेल्या ऑर्डरींची यादी, टक्के त्याखाली. आत्या ती यादी वाचून पॅकिंगचा क्रम लावते आणि विणकराकडून यायचा माल अडकला असेल तर दुपारच्या आत महेश्वरला फोन करते.

एक गोष्ट या शीटला कळत नाही. पिकअपवाला संध्याकाळी पार्सल घेऊन जातो आणि कधीकधी त्याचं स्कॅनिंग दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात होतं. रिपोर्टमध्ये स्कॅनिंगचीच वेळ येते. त्यासाठी आम्ही रोजच्या पार्सलांची यादी छापून ठेवतो, तिच्यावर पिकअपवाल्याची वेळेसकट सही घेतो आणि फोटो काढून त्या तारखेच्या फोल्डरमध्ये टाकतो. शीटने उशीर दाखवला आणि फोटोत सही मुदतीच्या आतली असली, तर तोच फोटो जोडून मी त्याच दिवशी सेलर सपोर्टकडे तक्रार नोंदवते.