उडायची स्वप्नं आणि पहाटेचा अलार्म

मला लहानपणापासून उडायची स्वप्नं पडतात पण उडणं म्हणजे काय, तर हातपाय मारत जेमतेम पत्र्याच्या उंचीवर जायचं आणि वर विजेच्या तारा आल्या की तिथेच अडकायचं. तरी मजा यायची. स्वप्नात असतानाच आपण स्वप्नात आहोत हे कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम, ते शिकलं तर तारांच्या वर जाता येईल असं वाटलं म्हणून मी मागे लागले.

नवऱ्याला हे थोतांड वाटत होतं. मग त्याला सांगितलं की स्वप्नाच्या झोपेत अंग लुळं पडतं पण डोळे हलतात, म्हणून 1975 मध्ये इंग्लंडात कीथ हर्न नावाच्या संशोधकाच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून आतून खूण दिली आणि ती मशीनवर उमटली. तेव्हा गप्प बसला.

मी वापरली ती स्टीफन लबर्ज या अमेरिकन स्वप्न-संशोधकाची पद्धत. रात्रीच्या शेवटच्या दोन-तीन तासांत स्वप्नं जास्त लांब पडतात, म्हणून झोपल्यावर पाच तासांनी अलार्म, उठून आधी आठवेल ते स्वप्न वहीत लिहायचं, मग परत पडून मनात घोळवायचं की पुढच्या स्वप्नात मला कळेल हे स्वप्न आहे, आणि तेच जुनं स्वप्न डोळ्यांसमोर आणून त्यात आपल्याला कळलंय असं बघायचं. नुसतं पुटपुटून होत नाही, बघावं लागतं.

बरेच आठवडे काहीच नाही. मग एकदा परत त्याच तारांखाली होते, सवयीने नाक चिमटीत दाबलं (हे दिवसाही करायचं, म्हणजे स्वप्नातही आठवतं) आणि तरी श्वास चालूच, म्हणजे हे स्वप्नच! इतका आनंद झाला की सगळं फिकट होऊन जागच आली. हे नवशिक्यांचं नेहमीचं आहे. पुढच्या वेळी कळल्या कळल्या तळहात एकमेकांवर घासत राहिले, त्याने स्वप्न टिकलं.

आणि तरीही वर जाईना! मला वाटलेलं स्वप्न आहे हे कळलं की सगळं आपल्या हातात, पण तसं नसतं, तिथे हुकूम चालत नाही, जे होईल असं आतून वाटतं तेच होतं. मी तारांकडे बघत 'आता अडकणार' म्हणायचे आणि अडकायचे. नंतर एका स्वप्नात तारांकडे बघितलंच नाही, पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवली आणि सायकलवर नुसतं हँडल वळवावं तसं सहज गेले. टाकीवर पोचल्यावर मुद्दाम काही केलं नाही, वारा नेईल तिकडे जाऊ दिलं, आणि खरं सांगू, लहानपणीची ती मोकळी मजा तेव्हा आली, टाकी गाठताना नाही.

अलार्म मी फक्त शनिवारी रात्री लावते, झोपमोड होते ना. एकदा जाग येऊन हातपायच हलेनात, मिनिटभर जाम घाबरले, नंतर कळलं याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि आपोआप सुटतं. ज्यांना आधीच भास होण्याचा त्रास आहे त्यांनी मात्र या भानगडीत पडू नये.