गुलाबी दिवस हुकला

९ ऑक्टोबर २०२४, नवरात्र चालू होतं. रात्री बाराच्या सुमारास रतन टाटा गेल्याची बातमी आली. मी एका छोट्या कुर्ती ब्रँडची इन्स्टा-फेसबुकची पानं सांभाळते. दुसऱ्या दिवशीचा रंग गुलाबी, आणि सकाळी ९ ला माझी पोस्ट ठरलेली : ‘आज फक्त गुलाबी, आज फक्त धमाल!’

अंथरुणातूनच पोस्ट वेळेआधी लावून ठेवायचं मेटाचं बिझनेस सूट उघडलं आणि प्लॅनरमधल्या १० तारखेच्या दोन पोस्ट आणि तीन स्टोऱ्या ड्राफ्टमध्ये टाकल्या. डिलीट केल्या असत्या तर फोटो, कॅप्शन, टॅग सगळं नव्याने बसवावं लागलं असतं.

मग जाहिराती. प्लॅनरमधली पोस्ट थांबवली म्हणून अॅड्स मॅनेजरमधली जाहिरात थांबत नाही, तिथे वेगळं बटण बंद करावं लागतं. एक दिवस बंद ठेवल्याने फारसं बिघडत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त बंद राहिली तर मात्र जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागते.

सकाळी मालकीणबाईंचा फोन. “अगं, श्रद्धांजली टाकूया ना, आपल्या लोगोसकट.” मी म्हटलं, “ताई, टाटांचा आणि आपल्या कुर्तीचा काय संबंध? आज गप्प बसू.” थोडा वेळ कुरकुरल्या, मग मानल्या. राज्य सरकारने त्या दिवशी दुखवटा जाहीर केला होता, त्याची मला मदतच झाली.

एवढं करून एक चूक राहिलीच. व्हॉट्सअॅपचा ब्रॉडकास्ट वेगळ्या टूलमधून जातो, तो मी विसरले. १० वाजता ‘दसरा धमाका’ सगळ्या ग्राहकांना गेला. एकीचं उत्तर आलं, “आजचा दिवस तरी राहू द्या.” मी माफी मागितली, बहाणे सांगितले नाहीत.

खरं डोकं खाल्लं ते पोस्ट पुढे ढकलण्याने. गुलाबी दिवस उद्यावर नेता येत नाही, ११ ला जांभळा. म्हणून ती पोस्ट नवरात्रातून काढूनच टाकली. दसऱ्याच्या सेलची उलटी मोजणीही तशीच. ‘फक्त २ दिवस बाकी’ ही ओळ कॅप्शनमध्ये असती तर मिनिटात बदलली असती, पण ती फोटोवरच छापलेली होती. ११ ला दसरा एका दिवसावर आला होता, म्हणजे आकडा चुकलेला. डिझायनर गावाला गेलेला. शेवटी मीच मोबाइलवर आकड्यावर सपाट जांभळी पट्टी ओढली आणि त्यावर ‘उद्या दसरा’ लिहिलं. पट्टीची छटा कुर्तीशी जुळत नव्हती, पण चाललं.

कॅप्शनही साधी केली. ‘धमाल’, ‘वेड लावणारी किंमत’ आणि सगळी उद्गारचिन्हं गेली. राहिलं ते असं : ‘जांभळी चंदेरी कुर्ती. साइज एम ते डबल एक्सेल.’ जाहिराती ११ ला दुपारी पुन्हा चालू केल्या.

गुलाबी कुर्तीचा फोटो दिवाळीच्या पोस्टमध्ये वापरला, दिवसाचं नाव न घेता.